पॅनोरमा जोडल्यावर कडा फाटक्या येतात, त्या क्रॉप न करता कशा भरायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून काढलेला माझा एक पॅनोरमा, म्हणजे बरेच फोटो जोडून केलेला लांबलचक फोटो, काकांच्या चादरीच्या दुकानात लावलाय. तो बघून बरेच जण विचारतात की एवढा मोठा फोटो एका क्लिकमध्ये कसा आला, आणि ज्यांनी स्वतः करून बघितलंय ते विचारतात की आमच्या फोटोच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या येतात त्याचं काय करायचं. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. उदाहरण सगळीकडे त्याच एका फोटोचं घेतलंय, कारण त्यात जे जे चुकायचं ते सगळं माझं चुकून झालंय.

आधी हे सांगा, हा फोटो नक्की कसा काढलाय?

24 मेगापिक्सेलचा कॅमेरा, सोबत येते ती 18-55 ची किट लेन्स, 35 एमएमवर ठेवलेली. कॅमेरा उभा धरला आणि डावीकडून उजवीकडे वळत पाच फोटो काढले, दरवेळी आधीच्या फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग पुढच्यात येईल असं बघून. ट्रायपॉड नव्हता, हातातच. एक्सपोजर मॅन्युअल, फोकस एकदा मंदिरावर लावून लॉक, व्हाइट बॅलन्सही एकच. डावीकडे नुसतं पाणी, मधे मंदिर, उजवीकडे किल्ल्याची तटबंदी आणि कोपऱ्यात कडुलिंबाची एक फांदी वरून आत आलेली, खाली घाटाच्या पायऱ्या. जोडून झाल्यावर फोटो 14,000 पिक्सेलच्या थोडा वर रुंद आणि 6,300 उंच झाला.

कडा फाटक्या का येतात? सॉफ्टवेअरची चूक आहे का?

नाही, सॉफ्टवेअर बिचारं बरोबरच करतं. तुम्ही एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवता म्हणजे प्रत्येक फोटो वेगळ्या कोनातून घेतलेला असतो, ते सगळे एका पट्टीवर नीट बसवायचे तर प्रत्येकाला थोडं वाकवावं लागतं, आणि चौकोनी फोटो वाकवला की त्याच्या वरच्या खालच्या कडा धनुष्यासारख्या होतात. पण माझ्या फोटोत या वाकण्यामुळे जोडाजवळ जेमतेम 30 पिक्सेल आणि टोकाच्या कोपऱ्यांत 70-75 पिक्सेल जात होते, म्हणजे फार नाही.

खरा घोळ हाताचा असतो. उजवीकडे वळता वळता कॅमेरा हळूहळू खाली उतरतो, आपल्याला कळतही नाही. माझा पाच फोटोंत साधारण 2 अंश खाली आला होता, आणि या लेन्सला 2 अंश म्हणजे तीनशेच्या वर पिक्सेल. त्यामुळे जोडलेला फोटो जिन्यासारखा दिसत होता, वर उजवीकडे मोकळी जागा आणि खाली डावीकडे मोकळी जागा. कॅमेरा वर किंवा खाली झुकवून काढले असते तर जिन्याऐवजी कमान आली असती. कडांचा आकार बघितला की आपण काय चुकलो ते कळतं, जिना असेल तर हात उतरलाय किंवा चढलाय, कमान असेल तर कॅमेरा झुकलाय.

मग सरळ क्रॉप का नाही करायचं?

करा की, जिथं कडेला काही महत्त्वाचं नाही तिथं क्रॉपच सगळ्यात चांगला, दोन सेकंदांचं काम. माझ्या फोटोत अडचण अशी की क्रॉपला सगळ्यात खोल खड्ड्यापर्यंत आत जावं लागतं, म्हणजे 6,300 पैकी साधारण 5,600 उंचीच उरत होती. आणि घाटाच्या पायऱ्या सगळ्या उजवीकडे अगदी खालच्या पट्टीत होत्या, त्या पूर्ण गेल्या असत्या. पायऱ्या गेल्या की बघणारा कुठं उभा आहे तेच कळत नाही, नुसतं पाण्यावर तरंगल्यासारखं वाटतं. डावीकडचं थोडं पाणी नाही म्हणून उजवीकडच्या खऱ्या पायऱ्या फेकून द्यायच्या हे मला पटलं नाही, म्हणून भरायचं ठरवलं.

फोटोशॉपमध्ये जोडायचं कुठून?

`File > Automate > Photomerge`. फोटो निवडा, `Layout` मध्ये असा रुंद सीन असेल तर `Cylindrical` घ्या. `Perspective` घेतलं तर मधला भाग लहान आणि दोन्ही टोकं फाकलेली, फुलपाखरासारखी येतात, रुंद फोटोला ते चालत नाही. `Blend Images Together` वर टिक पाहिजेच. लेन्सनं कोपरे काळे पडत असतील तर `Vignette Removal` पण करा, नाहीतर आकाशात प्रत्येक जोडावर एक फिकट काळी उभी सावली राहते आणि पुढे कडा भरताना तीच सावली सगळीकडे पसरते.

तिथंच खाली `Content Aware Fill Transparent Areas` असा टिक आहे ना, तो केला की झालं ना?

मी पण आधी तोच केला होता आणि त्याचीच पहिली प्रिंट काढली. हा ऑप्शन 2015 पासून फोटोशॉपमध्ये आहे आणि साध्या फोटोला, म्हणजे वर मोकळं आकाश आणि खाली मोकळी जमीन, एवढंच असेल तर छान काम करतो. पण तो सगळ्या मोकळ्या जागा एकदम भरतो आणि कुठून उचलायचं ते स्वतःच ठरवतो.

हे फिल नक्की काय करतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. ते चित्र समजून काढत नाही. फोटोतल्याच दुसऱ्या जागेवरून लहान लहान तुकडे शोधतं, जे मोकळ्या जागेच्या कडेशी रंगानं आणि पोतानं जुळतात, ते आणून चिकटवतं आणि शिवण मिसळून टाकतं. आता माझ्या फोटोत वर उजवीकडची मोकळी जागा कडुलिंबाच्या फांदीला चिकटून होती, त्यामुळे त्यानं पानांचे तुकडे उचलले आणि फांदीपासून हातभर लांब आकाशात पानांचा एक झुपका लावून दिला, कशालाच न जोडलेला. स्क्रीनवर पूर्ण फोटो बघताना मला तो दिसलाच नाही. प्रिंट दुकानात लावली आणि काकांनी दोन मिनिटांत बोट ठेवलं, "हे झाडाचं डोकं हितं आभाळात कुठनं आलं?" ती प्रिंट उतरवली आणि पुन्हा बसलो.

मग तुम्ही दुसऱ्यांदा कसं केलं? स्टेपवार सांगा.

टिक न लावता जोडलं. मग पाच लेयर मास्कसकट समोर येतात. ते तसेच राहू द्यायचे, सगळ्यात वरचा लेयर निवडून `Ctrl+Alt+Shift+E` दाबायचं, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक लेयर वर तयार होतो आणि खालचे शाबूत राहतात. फिलला उचलायला सगळे पिक्सेल एकाच लेयरवर लागतात, म्हणून हे करायचंच. मॅकवर `Ctrl` च्या जागी `Cmd` आणि `Alt` च्या जागी `Option`.

मग त्या लेयरच्या छोट्या चित्रावर `Ctrl` धरून क्लिक केलं की जेवढा फोटो आहे तेवढा सिलेक्ट होतो, `Ctrl+Shift+I` नं उलटं केलं की फक्त मोकळ्या जागा सिलेक्ट. आता `Select > Modify > Expand` मध्ये जाऊन 6 पिक्सेल टाकले. हे विसरू नका, कारण जोडलेल्या फोटोची अगदी शेवटची कड अर्धवट पारदर्शक असते, ती तशीच राहिली तर भरल्यावर तिथं केसासारखी बारीक रेघ दिसते आणि ती नंतर पुसत बसायला लागते.

हे सिलेक्शन `Select > Save Selection` नं साठवून ठेवलं, कारण एकदम सगळं भरायचं नव्हतं. लॅसो घेऊन `Alt` धरून नको तो भाग काढून टाकला आणि आधी फक्त वरचं आकाश ठेवलं. मग `Edit > Content-Aware Fill`. यात वेगळी खिडकी उघडते, फोटोवर हिरवा रंग दिसतो, तो हिरवा म्हणजे "इथून उचलणार". सगळी गंमत या हिरव्यात आहे. ब्रशनं कडुलिंब, तटबंदी, मंदिर, पाणी, सगळ्यावरून हिरवा पुसला आणि नुसतं आकाश ठेवलं, ते पण सगळं नाही, मोकळ्या जागेच्या जवळचं आणि साधारण त्याच उंचीचं. आकाश वर गडद आणि क्षितिजाकडे फिकट असतं, खालचं फिकट आकाश वर चिकटलं तर पांढरट डाग दिसतात. `Color Adaptation` `Default` वरच ठेवलं, `Output To` ला `New Layer`, आणि ओके. झुपका गायब.

नवीन लेयरवर घेण्याचा फायदा असा की नंतर कुठलं खरं आणि कुठलं भरलेलं ते डोळा बंद-चालू करून बघता येतं, आणि एक तुकडा बिघडला तर तेवढाच काढून टाकता येतो.

पुढचा तुकडा भरायच्या आधी परत एकत्र लेयर करून घेतला, साठवलेलं सिलेक्शन `Select > Load Selection` नं उघडलं आणि आता खालचं पाणी.

पाणी भरताना वेगळं काय करायचं?

यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, पण समजलं तेव्हा फार बरं वाटलं. काठावर उभं राहून बघा, पायाजवळच्या लाटा मोठ्या, एकेक वेगळी दिसते, आणि मंदिराच्या पायथ्याजवळ त्याच लाटा इतक्या बारीक होतात की नुसती खरबरीत चादर वाटते. फोटोत खालची कड म्हणजे सगळ्यात जवळचं पाणी. फिलनं जर मंदिराजवळचं पाणी उचलून खालच्या कडेला लावलं तर रंग बरोबर जुळतो, शिवणही दिसत नाही, पण पायाजवळ अचानक बारीक लाटा येतात आणि पाणी तिथं भिंतीसारखं उभं राहिल्यागत वाटतं. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण नजर तिथं अडते.

म्हणून पाण्यासाठी हिरवा भाग आडवी पट्टी ठेवायचा, मोकळ्या जागेच्या लगेच वरची आणि तिच्या उजव्या बाजूची, त्याच उंचीची. मंदिराचं प्रतिबिंब पडलंय तेवढ्या भागावरून हिरवा पुसायचा, नाहीतर डाव्या कोपऱ्यात कारण नसताना अंधारे पट्टे येतात. `Rotation Adaptation` `None` ठेवायचं, कारण लाटा आडव्याच असतात, तुकडा फिरवला तर लाट तिरपी होते. `Scale` पण बंद, लाटेचा आकार बदलायला नको म्हणूनच तर एवढी कसरत. `Mirror` सुद्धा बंद ठेवला, उलटा करून चिकटवलं की उजेडाची बाजू बदलते.

डावीकडची मोकळी जागा रुंदीला बरीच लांब होती, एकदम भरली तर तीच तीच लाट दोन-तीनदा येत होती, म्हणून तिचे तीन तुकडे करून वेगवेगळे भरले, दरवेळी हिरवी पट्टी थोडी सरकवून.

पायऱ्या, रेलिंग, भिंती, खिडक्या, हे भरता येतं का?

माझं मत स्पष्ट आहे, नाही. ज्यात सरळ रेषा पुढे चालू राहायला पाहिजेत तिथं हे फिल हमखास घसरतं, पायरी मधेच तुटते नाहीतर दोन पायऱ्या एकमेकींत वितळतात. माणसांच्या बाबतीत तर अजून वाईट, अर्धा हात नाहीतर दोन सारख्याच टोप्या.

माझ्या फोटोत पायऱ्यांची डावी टोकं मोकळ्या जागेत घुसत होती. तिथं मी तडजोड केली, खालून फक्त 90 पिक्सेल क्रॉप केले. त्यानं सगळ्यात खालची एक अर्धी पायरी गेली पण तुटकी टोकं पण गेली, आणि वरच्या पायऱ्या पूर्ण राहिल्या. राहिलेला एक छोटा तुकडा `Clone Stamp` नं हातानं केला, पायरीच्या कडेवर `Alt` क्लिक करून त्याच रेषेत पुढे ओढत. सगळं क्रॉप किंवा सगळं फिल असं काही नसतं, थोडं कापून जर भरायचं निम्मं होत असेल तर आधी कापाच.

किती मोठी जागा भरणं ठीक आहे?

आकाश असेल तर बरीच. पाणी, माती, गवत असेल तर मी फोटोच्या उंचीच्या विसाव्या भागापर्यंत जातो, त्यापुढे तोच तोच पोत दिसायला लागतो. बांधकाम असेल तर शून्य.

लाइटरूममध्ये `Boundary Warp` आहे, ते बरं का फिल?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. `Boundary Warp` नवीन काही आणत नाही, आहे तोच फोटो ओढून ताणून चौकटीपर्यंत नेतो, त्यामुळे कडेला जे दिसतं ते खरं असतं, फक्त आकार थोडा बदललेला. डोंगर, झाडं, शेत यांना पूर्ण 100 वर नेलं तरी कळत नाही. पण किल्ल्याची तटबंदी सरळ असते, स्लायडर पुढे नेला की ती पोटातून वाकायला लागते. मी तलावाच्या फोटोवर करून बघितलं, 30 च्या पुढे तटबंदीची वरची रेघ लवलेली दिसायला लागली. थोडं `Boundary Warp` आणि उरलेल्याला `Fill Edges` असं एकत्र चालतं, फक्त `Fill Edges` ला कुठून उचलायचं ते सांगता येत नाही, म्हणून अवघड कडा असतील तर फोटोशॉपला पर्याय नाही.

फोटोशॉप विकत घ्यायची ऐपत नाही, फुकटात होईल का?

होईल. जोडायला ह्युगिन आणि भरायला गिंप. गिंपमध्ये मात्र रीसिंथेसायझर नावाचं प्लगइन वेगळं टाकावं लागतं, मग `Filters > Enhance > Heal Selection` दिसतं. त्यात `Sample from` मध्ये `Sides` निवडलं तर उचलणं आडवंच राहतं, वर पाण्यासाठी जे सांगितलं तेच काम थोडं ओबडधोबड पद्धतीनं होतं. ह्युगिनमध्ये क्रॉप आपोआप लागलेलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर भरायला कडाच उरणार नाहीत.

मोबाइलच्या पॅनोरमा मोडचं काय?

तो आतल्या आतच कापून देतो, त्यात भरायला काही राहत नाही. मोबाइल उभा धरून, एक्सपोजर-फोकस लॉक करून वेगवेगळे फोटो काढा आणि ते जोडा, वरचं सगळं जसंच्या तसं लागू होतं. आणि अगदी जवळ रेलिंग किंवा खांब असेल तर दोन पावलं सरकून तो फ्रेमबाहेर काढा, कारण हात लांब करून मोबाइल फिरवताना लेन्सची जागा बदलते आणि जवळची वस्तू दोन फोटोंत दोन जागी येते, तो जोड कुठलंच फिल दुरुस्त करत नाही.

भरलेलं चांगलं झालंय का ते कसं ओळखायचं?

पानांच्या झुपक्यानंतर मी तीन गोष्टी दरवेळी करतो. पहिली, 100 टक्के झूम करून फक्त भरलेल्या जागांवरून सावकाश फिरतो. दुसरी, फोटो आडवा उलटा करून बघतो, डोळ्याला सवय झालेली असते ती मोडते आणि दोनदा आलेला ढग किंवा पक्षी पटकन दिसतो. माझ्या फोटोत एक घार होती, ती भरलेल्या आकाशात अजून एकदा आली होती, पंख अगदी तसेच वाकलेले, ती उलटा केल्यावरच सापडली. तिसरी, वर एक `Curves` लेयर टाकून रेषा एकदम उभी करतो, काँट्रास्ट भडक होतो आणि आकाशातले डाग, शिवणी उघडे पडतात. बघून झालं की तो लेयर काढून टाकायचा.

फाइल सेव्हच होत नाही, खूप मोठी आहे म्हणतंय.

`.psd` ला 2 जीबीची मर्यादा असते. 16 बिटमध्ये या फोटोचा एक पूर्ण लेयर उघडल्यावर पाचशे एमबीच्या आसपास भरत होता, त्यात दोन-तीनदा एकत्र लेयर केले की संपलं. `.psb` मध्ये सेव्ह करा.

भरलेला फोटो स्पर्धेत किंवा पेपरला दिला तर चालेल का?

बातमीसाठी नाही, कधीच नाही. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा पॅनोरमा असेल आणि कडेची गर्दी तुम्ही भरलेली असेल तर तिथं नसलेली माणसं तुम्ही उभी केली असं होतं. अशा वेळी क्रॉपच करा, फोटो बारीक झाला तरी चालेल. स्पर्धेत नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी फोटोत नसलेलं काही घालायला मनाई असते. भिंतीवर लावायचा असेल तर मी निर्धास्त भरतो, पण कोणी विचारलं तर वरचा कोपरा आणि खालचं डावीकडचं पाणी भरलेलं आहे हे सांगतो.

पुढच्या वेळी भरावंच लागू नये म्हणून काय करू?

हवं त्यापेक्षा जास्त काढा. डावीकडे एक आणि उजवीकडे एक फोटो जादा, आणि वर-खाली मोकळी जागा ठेवून. कॅमेऱ्यात आडवी रेघ दाखवायची सोय असते ती चालू करा आणि वळताना पाण्याची रेघ, म्हणजे जिथं पाणी काठाला लागतं ती, फ्रेममधे त्याच उंचीवर ठेवा. हात उतरला असं वाटलं तर तिथंच परत पहिल्यापासून काढा, पाच फोटोंना अर्धा मिनिट लागतो, कडा भरायला माझ्या दोन रात्री गेल्या.

प्रिंटचं काय, कडा तिथं दिसतात का?

14,000 पिक्सेल म्हणजे 300 डीपीआयला साधारण 47 इंच, काकांच्या गल्ल्यामागच्या भिंतीला बरोबर बसला. फ्रेमवाल्याकडे देताना एक लक्षात ठेवा, फ्रेमच्या खाचेत चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर फोटो आत जातो, म्हणजे 60-70 पिक्सेल तसेही झाकले जातात. कोपऱ्यातला जो बारीक तुकडा कितीही केला तरी मनासारखा होत नव्हता, तो मी मुद्दाम त्या पट्टीत ठेवला आणि प्रिंट द्यायच्या आधी फ्रेमवाल्याकडून खाचेचं माप घेऊन आलो.